गुलुंगचा अक्षोभ्य आणि बयतुदादांचा निरोप

आजच्या सभेचे अध्यक्ष, शैवांचे धर्माध्यक्ष परमपूज्य आचार्य शिवपद. त्यांच्या शेजारी, त्यांच्या बरोबरीच्याच उंचीच्या चटईवर बसलेले बौद्धांचे धर्माध्यक्ष परमपूज्य आचार्य कनकमुनी (चटईचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण सकाळी अर्धा प्रहर त्या चटयांच्या उंचीतच गेला). राजधानीहून आलेले कविराज. आपल्या गुलुंग गावची वडीलधारी मंडळी, कुंभार, विटा भाजणारे, ताडी काढणारे, मागे उभ्या असलेल्या माझ्या आयाबहिणी. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपल्या मंदिराचे रखवालदार बयतुदादा. आपणा सर्वांना गावचा लेखक मंगिर याचा नमस्कार.

बयतुदादांनी एकेचाळीस वर्षं मंदिराची राखण केली. आज त्यांना मानपत्र वाचून दाखवलं आणि राजवस्त्र मिळालं. नक्षी सुरेख आहे. दादांनी ते मांडीवर ठेवलंय, अंगावर घेतलेलं नाही, हे आपल्या लक्षात आलं असेलच.

कैलासवासी थोरल्या महाराजांना त्यांच्या हयातीत दोन दीक्षा होत्या, शिवाची आणि बुद्धाची. ते गेल्यावर शैव म्हणाले, महाराज शिवात मिळाले. बौद्ध म्हणाले, बुद्धात. दरबारानं निवाडा केला की दोन्ही खरं, कारण मुळात दोघे एकच. म्हणून आपलं मंदिर तसं बांधलं गेलं. खाली काळ्या दगडाचा गाभारा, आत महाराजांच्याच चेहऱ्याचा शिव. वर पांढऱ्या दगडाचं निमुळतं शिखर, आणि अगदी टोकाखालच्या कोनाड्यात बसलेला बुद्ध, अक्षोभ्य. जमिनीवर बोटं टेकवून बसलेला. देव एक, पुजारी दोन, आणि दोघांचा भात शिजवणारं गाव आपलं.

ती मूर्ती वर नेली तेव्हा बांबूच्या परांचीवर चौघे जण होते. त्यातले आज एकटे बयतुदादा उरलेत. मला म्हणायचे, "मंगिर, खांद्यावर घेतली तेव्हा कळलं, देव किती जड असतो ते."

मूर्ती जड होती, एवढं कृपया ध्यानात असू द्या.

गावाला त्या मंदिरापायी सनद मिळाली. सीमेचा दगड पुरला, त्यावर अंडं फोडलं, कोंबडीची मान छाटली, राख उधळली आणि शाप उच्चारला गेला. जो कोणी ही सनद मोडील, त्याला रानात वाघ खावो, पाण्यात मगर ओढो, उघड्यावर वीज जाळो. त्या दिवसापासून राजाचा वसुलीवाला आपल्या बांधाच्या आत पाऊल टाकत नाही. आपण राबतो ते फक्त देवासाठी. शेजारच्या गावांची पोरं राजाच्या कालव्यांवर मरतात, आपली घरी जेवतात. हे सुख लहान नाही. मीही ते भोगलंय.

आता कविराजांनी मघाशी जी रचना गायली तिच्याकडे येतो. काय ते शब्द! आभाळातून तेज उतरलं, अक्षोभ्य त्या तेजात विरून शून्यात परतले आणि पुण्यवान रखवालदारानं ते डोळ्यांनी पाहिलं. ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला. फक्त कविराज, आपण त्या दिवशी इथं नव्हतात. मी होतो.

नाही आचार्य शिवपद, मी आवरतच आणलंय. दोनच गोष्टी सांगतो.

अकरा वर्षं झाली. दुपारची वेळ होती. दादांची बायको, आमच्या तंजुंगवहिनी, मंदिराच्या पायऱ्यांवर हार गुंफत बसल्या होत्या. महाराजांच्या बाराव्या वर्षाच्या श्राद्धाला फुलांचा देह करतात ना, ज्यात आत्म्याला बोलावतात, तो देह आपल्या गावात वहिनींनी बांधला होता. खांद्याला चाफा, छातीला बकुळ. राजघराण्यातल्या बाया बघत राहिल्या होत्या. त्या दुपारी वादळ आलं. दादा मंदिराच्या खंदकापलीकडून ओरडले, "अगं, इकडे ये!" त्या म्हणाल्या, "फुलं भिजतील. मी दाराशी थांबते." दाराच्या वर तो मोठ्या डोळ्यांचा काळाचा मुखवटा आहे, त्याच्या खाली जाऊन उभ्या राहिल्या.

वीज शिखरावर पडली. कोनाड्याची भिंत फुटली आणि अक्षोभ्य खाली आले. शून्यात नव्हे, खाली. पायऱ्यांवर.

मी धावत पोचलो तेव्हा दादा दगड उचलायला बघत होते. जो दगड चौघांनी वर नेला होता, तो एकटे. देवाचं डोकं घरंगळत खंदकाच्या काठाशी गेलं होतं. वहिनींचा एक हात बाहेर होता आणि मुठीत दोरा होता.

आपल्याला वाटेल, मग चिता रचली असेल, रडारड झाली असेल. आधी झाला तो वाद. तेव्हाचे शैव पुजारी म्हणाले, "आमचा शिव आत जसाच्या तसा आहे. पडला तो तुमचा." आपले हे आचार्य कनकमुनी तेव्हा इथंच पुजारी होते. ते शांतपणे म्हणाले, "पडला? अक्षोभ्य म्हणजे जो ढळत नाही तो. न ढळणारा पडेल कसा?"

 

पण प्रश्न तेवढाच नव्हता, मंडळी. वीज कुणावर पडते? सनद मोडणाऱ्यावर. ती राजाच्या मंदिरावर पडली, याचा अर्थ राजधानीत काय लावतील? थोरल्या महाराजांचा देव खोटा ठरला, तर गादीवर बसलेला नातू कुणाचा? आणि देव नाही तर देवाच्या गावाला सनद कशाला? दोन्ही पुजारी, जे एका चटईवर बसत नसत, त्या दिवशी पहिल्यांदा एकमतानं बोलले. मूर्ती शून्यात गेली. तुकडे खंदकात गेले. आणि मूर्ती पडलीच नाही, तर तिच्याखाली कुणी मेलेलं असणंही शक्य नव्हतं.

मग दादांना समजवायला कुणाला पाठवलं? मला. आम्ही दोघं एका आईचं दूध प्यालेलो नाही, एवढंच काय ते परकेपण.

मी म्हणालो, "दादा, चाळीस चुली आहेत."

"तिची एकेचाळिसावी."

"ती गेली रे दादा. आता बोलून परत येणार आहे का?"

"परत नको. नुसती मेली एवढं तरी म्हणू दे."

मी म्हणालो, "तेवढंच म्हणता येणार नाही."

दादा म्हणाले, "लिही मग. तुला लिहिता येतं."

मी ताडपत्रावर लिहिलं, 'रखवालदार बयतु याची बायको तंजुंग, कोणास न सांगता घर सोडून गेली.' अक्षर माझं आहे. सुबक आहे. त्याच संध्याकाळी वहिनींना चटईत गुंडाळून नदीला सोडलं. मंत्र नाही, दिवा नाही, नाव नाही. पळून गेलेल्या बाईचे अंत्यसंस्कार कोण करतं?

पुढच्या बाजाराला वहिनींचा भाऊ वारुजु आला. भर बाजारात, वाळक्या मासळीच्या पाट्यांसमोर त्यानं दादांना गाठलं.

"माझी बहीण कुठंय?"

"गेली."

"कुणाबरोबर?"

दादा मासळीच्या पाटीकडे वळले.

"मारत होतास काय रे तिला? बोल की मुडद्या!" आणि त्यानं दादांच्या थोबाडीत दिली. इथं बसलेल्यांपैकी वीस-पंचवीस जणांनी ते पाहिलं. सगळ्यांना खरं ठाऊक होतं. मी तर हाताच्या अंतरावर उभा होतो. मी काय केलं? पाटीतून मासे निवडत राहिलो.

मंडळी, या थपडेबद्दल मानपत्रात काही नाही. एकेचाळीस वर्षांच्या सेवेत तिचा समावेश करावा, अशी माझी सूचना आहे.

दादा रोज त्या पायऱ्या झाडत राहिले. यात्रेकरू यायचे, विचारायचे, "बाबा, देव शून्यात गेले ते तुम्हीच पाहिलं ना?" दादा मान हलवायचे. पुष्कळांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. एकदा म्हणाले, "मंगिर, ती लोकं माझ्या पाया पडतात ना, तेव्हा मला ती थप्पड आठवते. तिनं बरं वाटलं होतं."

परवा दोन्ही धर्माध्यक्ष आले तेव्हा दादांनी आयुष्यातलं एकच मागणं मागितलं. नव्या ताम्रपटात आज हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव, मान आणि मिळालेलं वस्त्र लिहिलं जातंय. शेवटी एक ओळ असावी, की तंजुंग इथं मेली. उत्तर आलं, "निरोपाचा प्रसंग मंगल असतो, बयतु. भलत्या आठवणी नकोत."

आचार्य कनकमुनी, आपण उठू नये. चटई गार पडेल.

मी धीट आहे असा कुणाचा समज झाला असेल तर तो मी दूर करतो. आज सकाळी नव्या महाराजांच्या नावानं सनद पुन्हा कायम झाली. अंडं फुटलं, शाप उच्चारला गेला. आता ती कुणालाच मोडता येत नाही, ना राजाला, ना आपल्याला. म्हणून मी आत्ता बोलतोय. काल बोललो नसतो. अकरा वर्षं बोललो नाही. माणूस म्हणून माझं माप काढायचं असेल तर एवढं पुरेसं आहे. ताम्रपटात ती ओळ कोरण्याचीही माझी छाती झाली नाही. कोरणी हातात होती, रात्र माझी होती, पट तसाच पुढे गेला. तो तुमच्यासमोर ठेवलाय. त्यात सगळ्यांची नावं आहेत. तिचं नाही.

वारुजु आता आंधळा झालाय. दोन डोंगरांपलीकडे राहतो. अजून कुणी पाहुणा आला की विचारतो म्हणे, गुलुंगकडची काही खबर? दादा आज निघून तिथंच चाललेत. मी सोबत जातोय. दादांना मी विचारलं, तो आपल्याला दारात उभं करील का? ते म्हणाले, "नाही केलं तर उन्हात उभं राहून सांगू." लेखकाची कोरणी मी आज इथं, या पाटावर ठेवतो. पुढं काय लिहायचं ते नव्या लेखकानं बघावं.

राजधानीच्या पाहुण्यांचे, दोन्ही आचार्यांचे, कविराजांच्या गोड गळ्याचे, म्हैस कापणाऱ्यांचे आणि भात शिजवणाऱ्या बायांचे गावाच्या वतीनं मनापासून आभार. वृद्ध माणसाच्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते आपण पोटात घालावं. मात्र ज्या चुकीची मी कबुली दिली ती पोटात घालू नये, ही विनंती. ती आपण सगळ्यांनी अकरा वर्षं पोटात घातलीच आहे.

दादा, चला. उठा. वाट लांब आहे.

बाकीच्यांनी जेवून घ्या.