विषय क्रमांक सात, अर्जदार गैरहजर

नाही, दादाभाऊ, ती शाल तशीच राहू द्या. घडी मोडू नका. मी घेणार नाही म्हटलं तर तुम्ही हसलात, पण मी लाजून म्हणत नव्हते. लाज वाटते म्हणून म्हणत होते, आणि त्या दोन्हींत फरक असतो. माईक चालू आहे का? चालू आहे. मग राहू द्या चालू.

रीत मोडत नाही. आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या शाळेचे जुने मुख्याध्यापक सावळेराम गुरुजी. प्रमुख पाहुणे म्हणून बसलेले आपले सरपंच दादाभाऊ. ज्यांच्यासाठी हा मांडव घातलाय त्या मंगल मॅडम. शाळेचा सगळा स्टाफ, समोर बसलेले काका-मामा, आयाबाया, आणि मागं स्वागतगीत म्हणून घसा कोरडा झालेली नववीची पोरं, सगळ्यांना आरोहीचा नमस्कार.

मॅडम आज रिटायर होतायत. रोज पिंपळवंडीहून स्कूटी मारत आल्या, पावसाळ्यात रेनकोट निथळत वर्गात आल्या, आणि आम्हाला राज्यशास्त्र शिकवलं. राज्यशास्त्र म्हणजे काय हे विसरला असाल तर सांगते. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला जोडलेलं असतं ते. फेब्रुवारीत येतं. तोपर्यंत इतिहासच संपलेला नसतो, म्हणून 'एवढे प्रश्न पाठ करा' म्हणत उरकलं जातं. मॅडम मात्र उरकत नव्हत्या. कधीकधी वर्ग सोडून ग्रामपंचायतीच्या फलकासमोर उभं करायच्या आणि म्हणायच्या, वाचा. आम्ही वाचायचो आणि हसायचो, कारण शेजारच्या टपरीवर वडे तळत असायचे.

तर पत्राचं. माझा सत्कार त्यासाठी आहे असं पत्रिकेवर छापलंय, 'जागरूक विद्यार्थिनी'. मी अवसरीला इंजिनिअरिंगला आहे, तिसऱ्या वर्षाला. डिसेंबरात मी पेपरच्या संपादकांना पत्र लिहिलं की शाळेत नागरिकशास्त्र वाढवा. आवेशात लिहिलं होतं. आठवी-नववीच्या प्रत्येक वर्गानं वर्षातून एक तरी ग्रामसभा मागं बसून पाहिली पाहिजे. प्रत्येक पोरानं एक खरा अर्ज लिहून त्याची पोच आणली पाहिजे, शिक्क्यासकट. त्यासाठी वेळापत्रकात तास पाहिजे, आणि पाठांतराऐवजी त्या पोचेला मार्क पाहिजेत. आम्ही मतदार होतो तेव्हा आम्हाला मतदान केंद्राचा रस्ता माहीत असतो, ग्रामपंचायतीचा दरवाजा माहीत नसतो. शेवटी लिहिलं, 'आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही.'

चार दिवसांनी पेपरच्या ऑफिसातून फोन आला. पत्र छापायच्या आधी खात्री करतात. नाव खरं का, गाव कुठलं, हेच पत्र दुसऱ्या पेपरला पाठवलंय का. बोलणाऱ्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "पत्र निम्मं करावं लागेल, जागा कमी असते. पण एक विचारू? तू स्वतः गावच्या ग्रामसभेला गेलीयेस का? तिथलं एखादं वाक्य टाक, पत्राला वजन येईल."

मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, "मॅडम, जागा कमी आहे ना, मग राहू द्या."

निम्मं होऊन आलं. वर त्यांनीच मथळा दिला, 'नागरिकशास्त्र वर्गाबाहेर न्या'. खाली माझं नाव, तालुका जुन्नर. आमच्या हॉस्टेलवर पोरींनी वडापावची पार्टी घेतली माझ्याकडून. गावच्या ग्रुपवर दादाभाऊंनी फोटो टाकला, खाली पन्नास अंगठे. आणि मग फ्लेक्स लागला. माझा फोटो, शेजारी दादाभाऊंचा फोटो, माझ्यापेक्षा जरा मोठा. हसू नका, खरंच जरा मोठा होता.

त्याच संध्याकाळी मंगल मॅडमचा फोन. मला वाटलं कौतुक. केलंही, एका वाक्यात. मग म्हणाल्या, "आरोही, मुलींच्या स्वच्छतागृहात नळ आहे, पाणी नाही. पोरांनी अर्ज लिहिलाय. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मांडायचाय. पोरं बसू शकतात, पण मतदार नाहीत. मी मतदार पिंपळवंडीची. इथला कुणीतरी मतदार उभा राहून बोलायला पाहिजे. तू ये."

मी म्हणाले, "मॅडम, सबमिशन आहे."

खोटं नव्हतं, सबमिशन होतं. पण सबमिशन सव्वीसच्या आसपास नव्हतं, फेब्रुवारीत होतं. मॅडम म्हणाल्या, बरं, निदान अर्जावर सही दे. मी कागदावर सही करून फोटो पाठवला. त्यांनी प्रिंट काढून अर्जाला जोडला. म्हणजे अर्ज माझा. अर्जदार, आरोही. आणि अर्जदार हॉस्टेलवर पांघरूण घेऊन रील बघत होती.

काय? हो दादाभाऊ, आटपते. जेवणं गार होतायत, दिसतंय मला. थोडं राहिलंय.

आता सव्वीस तारखेचं. मी नव्हते, नववीतल्या हर्षालीनं सांगितलं तसं सांगते. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, आणि लोक पांगले. आपल्याकडं तसंच असतं. ग्रामसभेला शंभर मतदार लागतात, नाहीतर गावच्या मतदारांच्या पंधरा टक्के, जे कमी असेल ते. बसलेली माणसं पंचवीस-तीस. दरवर्षी काय होतं हे या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत आहे, तरी कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. सभा उरकते, संध्याकाळी पंचायतीचे शिपाई धर्माजी काका हजेरीचं रजिस्टर काखेत मारून घरोघरी येतात. "वहिनी, सही करा, कोरम भरायचाय." काका, तुम्हाला बोलत नाही मी, तुम्हाला पाठवतात. माझी आई चुलीपुढून हात पुसत येते, स्वतःची करते, पप्पांची करते, आणि म्हणते, "आरोहीची बी करू का? आता अठरा झालीत तिला." तीन वर्षं झाली. कागदावर मी एकही ग्रामसभा चुकवलेली नाही. आई, खाली नको बघू. इथं कुणाच्या आईनं केली नाही?

पण यंदा मागच्या रांगेत नववीची पोरं होती. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं आणि आपला शौर्य उभा राहिला. बसून बोल म्हटलं तरी उभाच. म्हणाला, "सर, पुस्तकात गणपूर्ती लिहिलीये. आम्ही मोजली माणसं. न्हाई भरत व्हं."

कुणीतरी म्हणालं, "ये पोरा, तुझं मत हाय का?"

तो म्हणाला, "मत न्हाई, पण मोजता येतं."

लई हसले म्हणे सगळे. पण एवढ्या लोकांसमोर बोललं गेल्यावर रजिस्टर फिरवायची सोय राहिली नाही. सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. नवा विषय घेता येत नाही, पण विषयपत्रिकेवर जे आहेत त्यांचे ठराव होतात, पाच माणसं असली तरी होतात. मुलींच्या पाण्याचा विषय क्रमांक सात.

ती तहकूब सभा कधी भरतेय, हे मला आज कळलं. आत्ता, या स्टेजवर, स्वागतगीत चालू असताना. मी मॅडमच्या कानाशी वाकून विचारलं, अर्जाचं काय झालं हो पुढं? मॅडमनी माझ्याकडं बघितलं. रागावून नाही. परीक्षेत कोरा पेपर देणाऱ्याकडं बघतात तसं. म्हणाल्या, "आजच आहे की. चार वाजता. नोटीस सात दिवस लागलीये फलकावर. तू बघितली नाहीस?"

मी सकाळी त्याच फलकापुढं उभी राहून सेल्फी काढला. नोटीस दिसली नाही, कारण नोटिशीवर आजच्या सत्काराचा माझा नवा फ्लेक्स बांधलाय. नायलॉनच्या दोरीनं, चारी कोपऱ्यांना.

दादाभाऊ, तुम्ही मुद्दाम आजची तारीख धरली असं मी म्हणणार नाही. हॉल आज मोकळा होता, केटरर आज मिळाला. मॅडमनी तारीख बदला म्हणून सांगितलं होतं हे खरं आहे, पण पत्रिका छापल्या होत्या हेही खरं असेल. उपसरपंच आहेतच की तिकडं सभा घ्यायला. सगळं नियमात आहे. तेच तर. बोलू शकणारे सगळे मतदार इथं मसालेभाताची वाट बघतायत, विषय मांडणारी पोरं इथं गाणं म्हणतायत, आणि तिकडं भाऊसाहेब वाचत असतील, विषय क्रमांक चार, पाच. सातला विचारतील, अर्जदार कोण? कुणी बोलणार नाही. 'अर्जदार गैरहजर, पुढे विचार करू' असं लिहितील. आणि इतिवृत्तात ते कायमचं राहील, माझ्या नावानं.

हर्षाली महिन्यातले चार दिवस शाळेत येत नाही. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरी येत नाहीत. काका लोकांनी छताकडं बघितलं तरी चालेल, मी बोलणार. शाळेच्या खिडकीतून येडगावच्या धरणाचं पाणी दिसतं, आणि पोरींना हात धुवायला पाणी नाही म्हणून त्या घरी बसतात. गैरहजेरी लागते त्यांची. त्यांच्या वतीनं खोटी सही करायला कुणी रजिस्टर घेऊन फिरत नाही.

गुरुजी, मला माहितीये, हे मॅडमच्या निरोपात बोलायचं नव्हतं. मॅडमबद्दल चार शब्द लिहून आणले होते, 'दीपस्तंभ' वगैरे होतं त्यात. ते वाचायची हिंमत राहिली नाही. एकच सांगते. मी पेपरात लिहिलं, आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही. छापून आलं, हजारो लोकांनी वाचलं, आणि ते खोटं होतं. शाळेत असताना फलकापुढं उभं करून शिकवलं होतं, आणि पत्रानंतर फोन करूनही. तारीख, विषय, कुठं उभं राहायचं, सगळं. मी सबमिशन सांगितलं. मॅडमनी ते पत्र तरीही नववीच्या वर्गात वाचून दाखवलं, शेवटच्या वाक्यासकट, आणि पोरांना एका शब्दानं सांगितलं नाही की ही मुलगी खोटं बोलतेय.

मॅडम, त्याबद्दल पेपरला दुसरं पत्र लिहीन. छापतील न छापतील. पण ते नंतर.

कुणीतरी घड्याळाकडं बघतंय. मीही बघतेय. उपसरपंचांना सभा पटकन उरकायची सवय आहे, कदाचित सातवा विषय झालाही असेल. नसला तर मला तिथं एवढंच म्हणायचंय की अर्जदार मी. पोरांनो, तुम्ही चला, मागं बसायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. मॅडम, तुम्ही बसा, हा कार्यक्रम तुमचा आहे. बाकीच्यांना चला म्हणणार नाही. मी कुठल्या तोंडानं म्हणू?

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, त्याचे उपकार आहेत. लहान तोंडून काही जास्तीचं गेलं असेल तर पोटात घाला, आईला माझ्यामुळं कुणी टोचून बोलू नका. दादाभाऊ, तुम्हाला उत्तर द्यायचंय, हात वर केलाय तुम्ही, दिसलं. तिकडं येऊन द्या. इथं नको, इथलं इतिवृत्त होत नाही.

माईक गुरुजींकडं देते. शौर्य, मागचा दरवाजा उघड. जवळ पडतो.