सोनवणे म्हणजे नेमके कुठले?

...आणि वर पुन्हा मलाच म्हणतात, ‘रविकांत, अहो, इथे जपानमध्ये कोण जात बघतंय?’ कोणी नाही हो. नुसतं आडनाव विचारतात. मग गाव, मग कुलदैवत, मग लग्नात जेवायला काय होतं... आता तुम्हाला सांगतो, मी सोनवणे. हे आडनाव आपल्याकडे इतक्या जातींत आहे की नुसतं ऐकून काही पत्ता लागत नाही, आणि लागत नाही म्हटल्यावर समोरच्याची जी चुळबुळ सुरू होते ना, ती मी इथे टोकियोजवळच्या आमच्या ग्योतोकुत प्रत्येक मराठी घरात बघितलीय.

झालं काय, आमच्या मराठी मंडळाची निवडणूक लागली. मला निवडणुकीचं काय? मला फक्त शनिवारचा मराठी वर्ग हवा होता. ओवी, माझी मुलगी, तिला मराठी कळतं, पण उत्तर जपानीत. तिकडे गावी माझी आई फोन कानाला लावून बसते, नातीचं सगळं ऐकते आणि मग मला विचारते, ‘काय म्हणाली रे?’ म्हणून आम्ही काही आईबापांनी मिळून वर्ग काढला, तर मंडळातल्या तरुण पोरांना त्याच हॉलमध्ये त्याच वेळेला ढोल-ताशाचा सराव हवा. हॉल एकच. ठरवणार नवा अध्यक्ष.

उभे दोघं. श्रीहरी, ऑफिसात टीम लीड, आणि सरिताताई. दोघांनी आडनावं घेऊन हिशोब मांडला... मराठा किती घरं, ब्राह्मण किती, माळी किती, बौद्ध किती. नुसत्या आपल्या लोकांवर कोणीच निवडून येत नाही हे दिसल्यावर मोट बांधायला सुरुवात. श्रीहरी मराठा, म्हणून उपाध्यक्ष ब्राह्मण, खजिनदार माळी. सरिताताई ब्राह्मण, म्हणून उपाध्यक्ष मराठा, खजिनदार माळी. बौद्ध सहसचिव दोन्हीकडे, दोन्हीकडे यादीत शेवटी, आणि दोन्हीकडे वर मोठ्या अक्षरांत ‘सर्वांना सोबत घेऊन’! अहो, आमच्या बिल्डिंगखाली कचरासुद्धा इतका वेगवेगळा करत नाहीत. पण जपानमध्ये कोण जात बघतंय?

श्रीहरी घरी आला. ‘रविकांतराव, आमची एक सोयरीक आहे सोनवण्यांत, नाशिककडची. म्हणजे तुम्ही आपल्यातलेच. वर्गाचं माझ्याकडे लागलं.’ तो लिफ्टमध्ये शिरतोय तोवर सरिताताई. ‘आमचे खजिनदार म्हणाले, सोनवणे म्हणजे आमच्या माळ्यांतले. वर्गाची काळजी सोडा, तुमच्यामागची घरं तेवढी सांभाळा.’ माझ्यामागे घरं? माझ्यामागे फक्त बायको असते, प्लास्टिकचा कचरा खाली ठेवून या म्हणून. मी दोघांनाही चहा दिला, जात दोघांनाही दिली नाही. ओवी तिथेच चित्र रंगवत बसली होती.

आता गंमत बघा. दोन्हीकडे पॅनेल सारखंच म्हटल्यावर प्रत्येक जातीची मतं अर्धी इकडे, अर्धी तिकडे. इतकी जुळवाजुळव करून जातीने निकाल लागणारच नव्हता. म्हणजे आम्ही वर्गाचे आईबाप, सगळ्या जातींचे, एकत्र राहिलो असतो तर आम्ही म्हणू तो अध्यक्ष. तसं ठरलंही. दोन दिवसांत एकेक जण कुजबुजायला लागला. ‘आपला माणूस पहिल्यांदाच खजिनदार होतोय हो, वर्गाचं काय, नंतर बघू...’ कुठला आपला माणूस? दोन्हीकडे तुमचाच आहे की! तर म्हणे, ‘तो तिकडचा आपला असला तरी आपला नाही.’ का, तर त्याचा तालुका वेगळा.

आणि लक्ष्मण, वर्गात बाराखडी शिकवणारा, माझा जिवलग, तो काय म्हणाला असेल? ‘जातीबितीचं सोड रे. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये रिन्यू व्हायचंय आणि श्रीहरी-सान माझा लीड आहे.’ मी म्हटलं, अरे, मतदान गुप्त आहे. तर म्हणतो, ‘मत गुप्त असतं, तोंड कुठे गुप्त असतं? सोमवारी त्याच्यासमोरच बसायचंय.’ श्रीहरीच्या हाताखाली असे कॉन्ट्रॅक्टवाले किती, ते कुठल्याच हिशोबात नव्हते, कारण ते आडनावात दिसत नाही. सगळ्या जातींतले कॉन्ट्रॅक्टवाले मुकाट्याने एकीकडे गेले आणि श्रीहरी आला.

मी वर्गाची आठवण करायला गेलो. श्रीहरी म्हणाला, ‘आम्ही गावाकडे चौकशी केली, तुम्ही आमच्यातले निघाला नाहीत.’ सरिताताईंना म्हटलं, विरोधात बसून निदान आवाज तरी उठवा. त्या म्हणाल्या, ‘खजिनदार म्हणतात, आमच्यातलेही नाहीत ते.’ वर समजूत दोघांचीही एकच... ‘मनाला लावून घेऊ नका, जपानमध्ये कोण जात बघतंय?’

वर्ग बंद. शनिवारी हॉलमध्ये ढोल. मला राग येतो, तुम्हाला सांगतो, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही.

परवा जेवताना ओवीने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि स्वच्छ मराठीत विचारलं, ‘बाबा, आपण कुणाच्यातले?’ पूर्ण वाक्य! एक शब्द जपानी नाही. नेमका गावाकडचा फोन चालू होता, आईने ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘काय म्हणाली रे?’ असं काही तिने मला विचारलं नाही.