वडिलांवरच्या पाच ओळी

(दौंड, जानेवारी १९७५. रविवारची दुपार. नववीतली नकुशी, तिचे वडील बन्सी, आणि मध्ये पसरलेलं निळं हवाईपत्र.)

नकुशी : फोटो आत घालता येत न्हाई, आबा. हितं छापलंय. चिटोरा जरी घातला तरी विमानानं जात न्हाई.

बन्सी : मग बोटीनं जाऊ दे! त्या तमाराला कळंल तरी, नकुशीचा बाप रेल्वेत हाय. वर्दीतला येकच फोटो हाय माझा.

नकुशी : नको, आबा.

बन्सी : आन् पत्ता असा उलटा का? आधी देश, मग गाव, गल्ली, घर. नाव पार तळाला?

नकुशी : रशियात तसंच लिवत्यात. शाळेत पत्रमैत्रीसाठी तिकडच्या पोरींच्या पत्त्यांची यादी आली, त्यातनं सरांनी मला ही तमारा दिली. पत्त्याची रशियन अक्षरं चित्र काढल्यागत उतरवली. पत्र इंग्रजीत हाय. तिलाबी शाळेत इंग्रजी हाय.

बन्सी : सरांनी तपासलं?

नकुशी : न्हाई दाखवलं.

बन्सी : का गं? वाच बरं, मराठीत सांग.

नकुशी : "प्रिय तमारा, मी चौदा वर्षांची आहे. वर्गात आम्ही अठ्ठेचाळीस, त्यात मुली सात. शाळा अकराला प्रार्थनेनं भरते. आई शेतात खुरपायला जाते. धाकटा ज्ञानदेव तिसरीत आहे. वडील इंजिनाच्या शेडमध्ये फिटर आहेत." झालं.

बन्सी : झालं कसं? माझ्यावर येकच वाक्य वाचलंस, हितं खाली पाच वळी हायेत. आन् ह्यो शब्द मला येतो. माझ्या नोटिशीवर व्हता. स्ट्राइक.

नकुशी : आबा...

बन्सी : खरं वाच.

नकुशी : "वडील फिटर होते. मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, त्यात त्यांना कामावरून काढलं. तरी रोज सातला डबा घेऊन निघतात आणि मालधक्क्यामागच्या लिंबाखाली बसतात. मला माहीत नाही, असं त्यांना वाटतं."

बन्सी : कवापास्नं म्हाईत हाय?

नकुशी : दिवाळीपास्नं. मालधक्क्याकडनं येत व्हते. तुम्ही येकटेच जेवत व्हता. हाक मारावी वाटली, न्हाई मारली.

बन्सी : आन् रोज सांजच्याला इचारतीस, आज कंचं इंजिन दुरुस्त केलं?

नकुशी : तुम्ही लय झ्याक सांगता.

बन्सी : परमुलखातल्या पोरीला सांगितलंस. मला न्हाई.

नकुशी : तिला सांगून तुमची मान खाली जात न्हवती. खोडू का?

बन्सी : नको. खोडलं का तिला वाटंल, कायतरी लपवलं. लय लाज वाटती गं मला.

नकुशी : मला न्हाई वाटत. तेबी लिवलंय. ही बघा, पाचवी वळ.

बन्सी : चिकटव मग. नीट दाब कडा.

नकुशी : आन् फोटो?

बन्सी : ठिव ट्रंकेत. आन् आईला सांग, उद्या डबा भरू नको. घरीच जेवीन.