कुफ्याचं रडणं

माझं नाव कनीजबी. माहेर जिंतूरचं, सासर परभणीचं. घरात आमी दखनी बोलताव, पण तुमी मराठीत लिहायलात तर मराठीतच सांगते, जलम शेजारणींसंगं मराठी बोलण्यातच गेला की. आमी शिया. मोहरम म्हणलं की तुमाला सवाऱ्या अन् वाघाची सोंगं अन् ढोल आठवत असतील, आमच्यात तसलं काय न्हाई बरं. चांद दिसला की आमी बांगड्या उतरवताव, काळं नेसताव, दोन महिने आठ दिवस घरात लगीन न्हाई, नवं कापड न्हाई. सुतकच ते. कुणाचं, तर इमाम हुसेनचं, पैगंबराच्या लेकीच्या लेकाचं.

माझी आई बायकांच्या मजलिसीत वाचायची. मजलिस म्हंजे सगळ्याजणी जमून करबलाची, इमाम हुसेन मारले गेले त्या मैदानाची, हकिकत ऐकायची, आधी त्या घराण्याची थोरवी, मग त्यांचे हाल, मग छाती बडवून मातम. आईचं ऐकून ऐकून मला सगळं तोंडपाठ झालं. लगीन होऊन इकडं आले, इथं आमची घरं मूठभर, वाचणारी कुणीच न्हाई, तवा मीच मिंबरवर बसले. मिंबर म्हंजे वाचणारीची पायऱ्यांची बैठक. तीस वर्सं वाचलं, काय सांगू तुमाला, माझा आवाज चढला की दगडाला पाझर फुटायचा असं बायका म्हणायच्या. मला बी लय बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

नवरा लवकर गेला. एकच लेक, मोहसिन. कपाशीच्या जिनिंगात मशिनीवर होता, लगनाचा झाला होता, पोरगी बघायलो होतो. जिनिंगचा शेठ आमच्यातलाच, आमच्या आशुरखान्याचा, म्हंजे अलम ठेवतात अन् मजलिस होते त्या जागेचा, मुतवल्ली, कारभारी बी तोच. मोहरमच्या दहाव्या तारखेला अलम, म्हंजे इमामाचं निशाण, तोच उचलतो अन् असा रडतो की दोघांनी धरावं लागतंय. तर मशिनीच्या पट्ट्यावर जाळी असते, हात जाऊ नये म्हणून. जाळीत रुई अडकते, काम थांबतंय, म्हणून शेठनं ती काढायला लावली होती. मोहसिन दोनदा म्हणला होता की जाळी लावा. लावली न्हाई. पट्ट्यानं बाही धरली अन् लेकरू ओढून नेलं माझं.

दुपारी मय्यत घरी आली अन् तासाभरात तिकडं जाळी लागली.

त्या सांजंला त्याच्यासंगं काम करणारे सहाजण माझ्या दारात आले. पाच आमचेच, एक चुडाव्याचा दिगंबर. रडले, माझ्या पायाला हात लावले, अम्मी आमी डोळ्यानं पाहिलंय, आमी ठाण्यात सांगताव, तुमी फक्त उभ्या राहा. मी उभी राहिले, तक्रार दिली. आठ दिवसांनी सहाच्या सहा तोंडांनी एकच जबाब, जाळी होती, पोरानं आपल्या हातानं काढली. दिगंबरनं बी तेच सांगितलं.

मग शेठ कागद घेऊन आला. चूक पोराची, माझी काय तक्रार न्हाई, असं लिहिलेलं. म्हणला, आपा, अल्लाहची मर्जी, सही करा. आपण मूठभर लोक, आपली गोष्ट बाहेर गेली तर उद्या जुलूसला परवानगी मागायची कोणत्या तोंडानं? मी कागदाकडं बघतच बसले. यझीद खलिफा होऊन गादीवर बसला तवा त्यानं बी हुसेनकडं एवढंच मागितलं होतं, बैअत कर, हातात हात देऊन मला मान. हुसेननं हात दिला न्हाई. शिया म्हंजे दुसरं कोण हो, त्या न दिलेल्या हाताच्या मागं उभे राहिलेले लोक. अन् ह्यो शिया मला म्हणतो सही कर. मी म्हणलं, करत न्हाई. अन् अल्लाहची मर्जी म्हणू नका. करबलानंतर कैद केलेल्या हुसेनच्या आजारी लेकाला कुफा शहराचा हाकिम, यझीदचा सुभेदार, म्हणला होता, तुझ्या भावाला अल्लाहनं मारलं ना? तो काय म्हणला, माझ्या भावाला लोकांनी मारलं. शेठ उठून गेला.

पण एक चूक मी केली. चाळिसाव्याची मजलिस शेठ म्हणला मी करतो, मयताला पुण्य लागतंय, सवाबाचं काम हाय, न्हाई म्हणू नका. मी हो म्हणले. सवाबाला कसं अडवायचं? अन् मोहल्ल्यात उठलं, कनीजबीनं मिटवलं. कागद राहिला बाजूला, माझ्या लेकराच्या चाळिसाव्यानं त्यानं माझी सही करून घेतली की हो!

आशुरखाना गच्च भरला. बाहेर पुरुष, पडद्याआड बायका. पुरुषांकडच्या मौलानाचं वाचून झालं, आता माझी पाळी, लेक माझा अन् वाचणारी बी मीच, दुसरी हायच कोण. सगळ्यांना वाटलं ही हुसेनच्या जवान लेकाचं, अकबरचं वाचंल, आई रडंल, आमी रडू. मी अकबर वाचला न्हाई. मी कुफा वाचलं.

कुफ्याच्या लोकांनी हुसेनला पिशव्या भरभरून पत्रं लिहिली होती, या, आमी तुमच्या पाठीशी. हुसेननं आधी मुस्लिम नावाचा आपला चुलतभाऊ धाडला. हजारोंनी त्याच्या हातात हात दिला, अन् हाकिमानं डोळे वटारले तशी दिवस मावळता त्याला वाट दाखवायला एक माणूस उरला न्हाई. त्याला मारलं. करबलात हुसेनचं पाणी तोडलं, बहात्तर जण कापले, सहा महिन्यांच्या तान्ह्याच्या गळ्यात तीर मारला, बायकांना बांधून कुफ्यात आणलं. अन् कुफ्याचे लोक रस्त्याच्या कडंला उभे राहून धाय मोकलून रडायले. तवा हुसेनची बहीण जैनब म्हणली, तुमी रडता? तुमी? रडाच मग, जलमभर रडा, धुतल्यानं जाणारा डाग न्हाई ह्यो.

एवढं वाचून मी पडद्याकडं तोंड केलं अन् म्हणलं, पत्रं लिहिणारे बाहेर पाचसहाजण बसलेत, त्यांनी बी रडून घ्यावं. आमचं रडणं जैनबनं सुरू केलं ते गवाही, साक्ष म्हणून, पाप धुवायला न्हाई.

कुणी रडलं न्हाई. मातम झाला न्हाई. वाटायचं तबर्रुक, मजलिसीचा प्रसाद, तसंच राहिलं.

त्याला तीन वर्सं झाली. मिंबरवर आता दुसरीकडून बाई आणतात, आशुरखान्यात मला कुणी सरकून जागा देत न्हाई. मी घरीच अलमाला अगरबत्ती लावते, एकटी वाचते. शेजारची गंगाबाई तेवढी येऊन बसते, तिला निम्मं कळत न्हाई, तरी डोळे पुसते. केस चालूच हाय, तारखेवर तारीख. सही मी केली न्हाई अन् करणार बी न्हाई.

अन् एक सांगते. दर जुम्मेरातीला, गुरुवारी, दिगंबर चुडाव्याहून रेल्वेनं येतो. उंबऱ्याबाहेर मान खाली घालून बसतो. मी त्याला पाणी देते. आधी वाटायचं तोंडावर फेकावं. पण हुसेनची वाट अडवायला यझीदच्या फौजेचा सरदार हुर हजार स्वार घेऊन आला, तवा हुसेननं त्या तहानलेल्या फौजेला पाजलं, त्यांच्या घोड्यांना बी पाजलं. मग मी कोण न्हाई म्हणणारी? लढाई झाली त्या दहाव्याच्या सकाळी त्योच हुर घोडा वळवून हुसेनकडं आला, मरणार हे ठाऊक असून आला. त्याला कुणी हाक मारली नव्हती.

मी बी दिगंबरला हाक मारत न्हाई. तांब्या भरून पुढं ठेवते. तो पितो, तांब्या पालथा घालतो अन् गाडीच्या टायमाला उठून जातो. पुढच्या महिन्यात तारीख हाय, दिगंबरच्या गवाहीची. अल्लाह त्याला पाय देवो.