तेविसावा नंबर
कानाच्या दवाखान्यात म्हातारेबुवा आपलं ऐकायचं यंत्र दुरुस्तीला देऊन बसले होते. शेजारच्या मायलेकांचं मोठ्यानं चाललेलं बोलणं तरीही कानावर पडत होतं.

"मशीन लावून आठवडा झाला. वर्गात कसं वाटतं?"

"पंखा पुटपुटतो. पेन्सिली कुरकुरतात. बाई 'शांत बसा' म्हणतात, तरी सगळं वाजतच असतं."

"आणि मशीनची शिट्टी वाजते का?"

"टोपी कानावर ओढली की वाजते."

"आज डॉक्टर आवाज थोडा वाढवतील. हजेरीला गप्प बसतोस म्हणे. नंबर ऐकू येत नाही का?"

"येतो. तेवीस."

"मग?"

"माझा नंबर आला की मला कळावं म्हणून बाकावरचा शेजारी कोपरानं ढोसतो. पहिलीपासून."

"आता कशाला?"

"मी आधीच 'हजर' म्हटलं, तर तो काय करेल?"