वाळूतली रेघ

वॉल्टर : ...आणि मी फटका मारत असताना तुझी सावली माझ्या चेंडूवर पडता कामा नये. हालचाल नको, बडबड नको, श्वासाचा आवाजही नको.

स्ट्रूअन : मेलो तर चालेल ना, आजोबा?

वॉल्टर : शांतपणे मेलास तर. तो गवताचा उडालेला तुकडा कोण परत आणून बसवणार? तुझी आई?

स्ट्रूअन : एवढंसं तर गवत!

वॉल्टर : जहाजाच्या कारखान्यात एवढीशी फट ठेवणाऱ्याला मी घरी पाठवत असे. आण तो. बसव. पायाने दाब. तुझा बाप असाच. गोल्फ खेळायचा की शेत नांगरायचा, कळत नसे.

स्ट्रूअन : म्हणून क्लबच्या सभासदत्वाच्या अर्जावर तुम्ही त्यांना सही दिली नाहीत?

वॉल्टर : म्हणूनच. तूही फार आशा धरू नकोस. शेवटचा होल संपला, की टोपी काढून हात मिळवायचा असतो. मी हात पुढे केला, तर तुझ्या अर्जावर सही करीन. नाही केला, तर घरी जाऊन टीव्हीवर गोल्फ बघ. इथे फाइफमध्ये तशी माणसं पुष्कळ आहेत.

(अठरावा, म्हणजे शेवटचा होल. स्ट्रूअनला दिलेले सवलतीचे फटके धरून सामना बरोबरीत. स्ट्रूअनचा चेंडू ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर; आजोबांचा बंकरमध्ये, शेजारच्या वाळूच्या खड्ड्यात.)

वॉल्टर : ग्रीनवर पाय फरफटवू नकोस! तुझ्या चेंडूने पाडलेला खळगा बुजव. खालून उचकटू नकोस रे, कडा आत ढकल. हं. आता गप्प उभा राहा... पाहिलंस? थेट भोकाला खेटून! तुझ्या बापाला जन्मात जमलं नसतं.

स्ट्रूअन : आजोबा...

वॉल्टर : तोंड का उतरलं? हरणार म्हणून?

स्ट्रूअन : तुमची काठी वाळूला टेकली. फटक्याआधी, मागे नेताना.

वॉल्टर : काय म्हणालास?

स्ट्रूअन : टेकली तर होल गेला, हे तुम्हीच सांगितलंत मघाशी.

वॉल्टर : हरायला आलं की नियम आठवतात! शेंबूड पुसता येत नाही, आणि मला बंकर शिकवतोस?

स्ट्रूअन : मला सामना नकोय. सही हवी होती. म्हणून गप्पच बसणार होतो.

वॉल्टर : मग बसला का नाहीस?

स्ट्रूअन : तुम्ही बाबांचं नाव काढलंत.

वॉल्टर : ...दाताळं आण. थांब, वाळूवर फिरवू नकोस. आधी बघू दे.

स्ट्रूअन : ती बघा रेघ. तुमच्या बुटाच्या ठशामागे.

वॉल्टर : दिसली. चष्मा नसता तरी दिसली असती. होल तुझा. सामनाही.

स्ट्रूअन : मी सारखी करू वाळू?

वॉल्टर : माझी वाळू मीच सारखी करणार. आपले ठसे पुसत पुसत बाहेर यायचं असतं. बघून ठेव.

स्ट्रूअन : आजोबा, टोपी काढू?

वॉल्टर : आधी चेंडू उचल आणि ग्रीनवरून बाजूला हो, गाढवा. मागची मंडळी खोळंबली आहेत. हात तिकडे मिळवू.