उमाच्या पथ्याचा पहिला आठवडा

—नाही हो राजाभाऊ, झाकणाला हात लावू नका, वाफ जायचीय अजून. शिट्टी उचलून बघायची नाही, वाफ आपोआप जिरली पाहिजे. आमच्या लेकीनं, सावनीनं शिकवलंन. बसा त्या स्टुलावर. उमा आत पडलीय, जरा डोळा लागलाय. तुमचा आवाज म्हणजे एस.टी. स्टँडावरचा भोंगा, तेव्हा हळू बोला. खरं तर बोलूच नका, मी सांगतो.

हसताय कशाला? अ‍ॅप्रन नाहीये हा, उमाचा जुना परकर कापून सावनीनं शिवलान. डेपोत वाहतूक नियंत्रक होतो मी. मंडणगडची गाडी कधी सुटेल ते माझ्या शिट्टीवर ठरायचं, आणि आता तीन शिट्ट्यांसाठी कुकरसमोर उभा असतो. तर काय सांगत होतो— हां, पथ्य. उमाचं हृदय दमलंय. पंप आहे, पण कमी ओढतोय, असं डॉक्टर म्हणाले. मग पाणी साठतं, पायावर सूज, आडवं पडलं की धाप. हॉस्पिटलातून सोडताना बजावलं— मीठ अगदी कमी, पाणी मोजून, आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन. वजन एकदम वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. फोन करायचा. मी विचारलं, ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ते आणू? तर म्हणाले, अजिबात नाही, त्यात पोटॅशियम असतं, यांच्या गोळ्यांबरोबर मला विचारल्याशिवाय नको. बघा, मीठसुद्धा सरळ राहिलं नाही.

सावनीला रजा नव्हती. जाताना माझ्याबरोबर बसून आठवडा आखलान. मी म्हटलं, त्यात काय, वेळापत्रक करण्यात माझा जन्म गेला! पालेभाजी आधी संपवायची, कारण ती मान टाकते. मग दुधी, पडवळ. लाल भोपळा आणि सुरण शेवटी, त्यांना घाई नसते. मुगाची डाळ एकदाच शिजवायची, सकाळी वरण, उरलेली लगेच फ्रीजमध्ये, रात्री तिचंच पातळ सार. भात मात्र दोन वेळा ताजा. पापड, लोणचं, सुकट, फरसाण— सगळं हद्दपार. आणि दिवसभराचं मीठ सकाळीच एका छोट्या वाटीत काढायचं. ती वाटी रिकामी झाली की संपलं. शिजताना घालायचंच नाही, वाढताना वरून चिमूट, म्हणजे जिभेला आधी तेच लागतं. आहे की नाही अक्कल? माझी नाही, सावनीची.

सोमवारी काय झालं विचारा. नका विचारू, सांगतो. डाळीचं भांडं, तांदळाचं भांडं, दोन्ही झोकात लावली. शिट्टी काही होईना. वास मात्र सुटला. उमा आतून म्हणते, "अहो, कुकरच्या तळाला पाणी घातलंत ना?" तळाला? तांदळात घातलं होतं, डाळीत घातलं होतं, आणखी कुणाला घालायचं? तळ असा काळा झाला म्हणता! फोडणीचं तर बोलूच नका. मोहरी तडतडायच्या आधी हळद टाकली, ती जळली. दुसऱ्या खेपेला मोहरी तडतडली, तर मी घाबरून मागे सरलो नि हळदीचा डबाच पाडला. ती पिवळी भिंत दिसतेय ना? तीच.

पण ते हसण्यावारी गेलं. खरी गोष्ट ती नाही. उमा जेवेना हो. दोन घास घ्यायची नि ताट बाजूला सारायची. "छान झालंय" म्हणायची— छान झालेलं कुणी बाजूला सारतं का? अळणी भाजी म्हणजे ओला कागद, मी चाखून बघितलीय. म्हणून बुधवारी म्हटलं, आपण काहीतरी चवीचं करू या. पालीहून तिच्या बहिणीनं कोकमाच्या आगळाची बाटली पाठवली होती. थोडा नारळाचा रस, लसूण, मिरची, कोथिंबीर, झकास सोलकढी केली. आणि मिठाचा कण घातला नाही! वाटी भरलेलीच ठेवून तिला दाखवली, बघ म्हटलं. तिनं एक वाटी संपवलीन, आणखी मागितलीन. मी एवढा फुगलो, एवढा फुगलो—

सकाळी काट्यावर तीही फुगलेली. दीड किलो जास्त. घोट्यावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. फोनचा नंबर दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा लागला. डॉक्टर विचारतात, काय खाल्लं? मी ठणकावून, "मीठ शून्य, साहेब! मी स्वतः करतो." तर ही उशांना टेकून, धाप लागलेली, म्हणते, "अहो, आगळ वर्षभर टिकतं ते कशानं?"

मिठानं हो, राजाभाऊ! रातांब्याच्या, कोकमाच्या फळाच्या रसात मीठच मीठ. पहिल्या वाटीतच दिवसभराचं मीठ संपलं असेल, वर ती कढी मोजलेल्या पाण्यातही धरली नव्हती मी. इथे कोकणात जन्म गेला माझा. ओरपताना कधी विचारलं नाही, कशाचं करतात.

नाही, नाही, उतरलं. डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली, धाप वाढली तर तडक घेऊन या म्हणाले. नेण्याची वेळ आली नाही. काल काटा बराच खाली आला. पण त्या दिवशी मी ओट्याशी उभा राहून दुधी चिरत होतो नि... कांदा नव्हता हो. दुधीच होता.

मग उमानंच सांगितलंन, मे महिना चाललाय, बाजारात ताजे रातांबे आहेत, ते आणा. साल पाण्यात कुस्करली, नारळाचं दूध नावाला, मीठ नाही, आणि अर्धीच वाटी, दिवसाच्या मोजलेल्या पाण्यात धरून. आता ती इथे खुर्ची टाकून बसते. "आच कमी करा", "जिरं भाजून वरून टाका", "लिंबू गॅस बंद केल्यावर". मी करतो, ती रागावते. आमचं एवढं बोलणं कधी... असो.

वहिनींनी काय दिलंय हे? कोलंबीचं लोणचं? अरे देवा. नाही, रागवू नका, सुरेख वास आहे. पण घरात ठेवलं तर मीच आधी हात घालेन. परत न्या, माझा नमस्कार सांगा.

आणि हो, सावनीनं स्वयंपाकाला बाई ठरवलीन, सोमवारपासून. त्या कोपऱ्यावरच्या हर्षदच्या घरी करते ती, हात चांगला आहे म्हणे. मी तिला फोन करून नको सांगितलं. सावनीला ठाऊक नाही अजून. उमालाही नाही. तुम्हीही बोलू नका. हट्ट नाही हो, काय हट्ट करणार, पोळीचा नकाशा होतो माझ्या. पण तिथे त्या बाकड्यावर बसलो होतो ना, अतिदक्षता विभागाच्या बाहेर... नर्स येते, जाते, आत मशीन वाजतं, आणि आपण पिशवी धरून बसलेले. काही म्हणजे काही करता येत नाही. इथे निदान चिमूट माझ्या बोटात आहे. चुकली तरी माझ्याच बोटातली. बाई आली की मी पुन्हा बाहेरच्या खोलीत, पेपर घेऊन, आतला आवाज ऐकत—

थांबा. बोलू नका.

...खोकली नाही ना? नाही. हाक मारतेय. "काय गं? ...काय?... हो, झालाय भात, वाफ गेली की... काय म्हणालीस?"

ऐकलंत? भूक लागलीय म्हणते. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा. आपणहून!

उठा राजाभाऊ, उठा. जेवून जा म्हणायला हवं, पण दोघांपुरतंच मोजून केलंय. सरका, ते ताट द्या इकडे— चला, निघा आता.